हा तुकडा कोणी वाजवला? रेकॉर्डच्या कव्हरवरून वादकापर्यंत कसे पोहोचावे

कोल्हापुरात प्रत्यक्ष मैफल ऐकणाऱ्याला वादकांची नावे शोधत बसावे लागत नाही. देवल क्लबमध्ये किंवा शाहू स्मारक भवनात कार्यक्रम असला, तर तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तानपुऱ्यावर कोण बसले आहे हे निवेदक आधीच सांगतो, आणि न सांगितले तरी माणसे समोर दिसत असतात. ध्वनिमुद्रणात मात्र फक्त आवाज हाती येतो. गाण्याच्या मधोमध सॅक्सोफोनचा किंवा अ‍ॅकॉर्डियनचा एखादा तुकडा असा येतो की गायकापेक्षा त्या वादकाचेच नाव जाणून घ्यावेसे वाटते, आणि मग आपण रेकॉर्डचे कव्हर उलटून पाहतो. तिथे नावे नसतातच असे नाही. पुष्कळदा भरपूर असतात. पण त्या नावांवरून 'हा तुकडा अमुकाचाच' असे म्हणणे वाटते तितके सरळ नाही, आणि ते कसे करावे हेच या लेखात सांगायचे आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कव्हरवरची श्रेयनामावली आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिलेली नसते. ध्वनिमुद्रणाला कोण कोण होते, किंवा कोणाकोणाचे नाव छापायचे कंपनीने ठरवले, एवढेच ती सांगते. आपला प्रश्न त्याहून बारीक असतो: या गाण्यात, या क्षणी, हे वाद्य कोणाच्या हातात आहे? मोठ्या यादीकडून या बारीक प्रश्नाकडे जाण्याचा विश्वासार्ह मार्ग म्हणजे वजाबाकी. जे असू शकत नाहीत ते एकेक करून बाजूला काढायचे आणि शेवटी किती नावे उरतात ते पाहायचे. एकच उरले तर उत्तर मिळाले. दोन उरली तर कानाची पाळी येते.

वजाबाकीची गरजच पडत नाही अशी एक रेकॉर्ड आपल्याकडे अनेक घरांत सापडते. १९६७ साली निघालेल्या 'कॉल ऑफ द व्हॅली'वर शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला आहे. चार वाद्ये आणि चार माणसे असल्याने बासरी ऐकू आली की ती चौरसियांची, यात शंकेला जागा राहत नाही. इथे चूक होऊ शकते ती वाद्य ओळखण्यात. काबरा गिटार आडवी ठेवून, तारांवर पट्टी सरकवत वाजवत असत, त्यामुळे तिच्या मिंडी ऐकून नवख्या श्रोत्याला हे दुसरेच एखादे तंतुवाद्य असावे असे वाटू शकते, आणि मग तो यादीत नसलेले नाव शोधू लागतो. माणसाच्या आधी वाद्य निश्चित करायचे, हा धडा इथे मिळतो आणि तो पुढे फार कामाला येतो.

आता थोडे अवघड उदाहरण तपशिलाने पाहू. माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही १९५९ सालची जाझ रेकॉर्ड जगभर पोहोचली आहे, आणि आपल्याकडच्या अनेक संग्राहकांकडेही ती असते. तिच्या कव्हरवर सात वादकांची नावे आहेत: ट्रम्पेटवर स्वतः डेव्हिस, ऑल्टो सॅक्सोफोनवर ज्युलियन अ‍ॅडर्ली, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, पियानोवर बिल इव्हान्स आणि विंटन केली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. गाणी पाच आहेत. ट्रम्पेट, बास आणि ड्रम्स या तिघांचा प्रश्न पहिल्या वाचनातच सुटतो, कारण प्रत्येक वाद्याला एकच माणूस आहे. प्रश्न उरतो तो दोन पियानोवादकांचा आणि दोन सॅक्सोफोनवादकांचा.

पियानोचे उत्तर कव्हर स्वतःच देते, पण ते यादीत नसून यादीच्या खाली लहान टाइपात दिलेल्या सूचनेत आहे. विंटन केली फक्त 'फ्रेडी फ्रीलोडर' या एका गाण्यात वाजवतात, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे त्या गाण्याच्या आरंभीचा पियानो सोलो केलींचा, आणि उरलेल्या चारही गाण्यांतला पियानो इव्हान्स यांचा. ही छोटी ओळ नजरेतून सुटली तर माणूस ध्वनिमुद्रणाच्या तारखा शोधू लागतो, आणि तारखांनी त्याचे काम होत नाही. ही रेकॉर्ड न्यूयॉर्कमध्ये दोन दिवशी, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ रोजी मुद्रित झाली. 'सो व्हॉट', 'फ्रेडी फ्रीलोडर' आणि 'ब्लू इन ग्रीन' ही तिन्ही गाणी पहिल्याच दिवशीची आहेत, आणि त्या दिवशी केली आणि इव्हान्स हे दोघेही वाजवून गेले आहेत. तारीख सांगते की त्या दिवशी कोण आले होते. कोणत्या गाण्याला कोण बसले हे ती सांगत नाही. इव्हान्स तोवर डेव्हिस यांच्या नेहमीच्या वाद्यवृंदातून बाहेर पडले होते आणि त्यांच्या जागी केली आले होते, हा इतिहास ज्याला ठाऊक आहे तो तर उलट चुकण्याचा संभव जास्त, कारण नेहमीचा वादक केली असल्याने बहुतेक गाणी त्यांचीच असतील असे तो धरून चालेल.

सॅक्सोफोनसाठीही अशीच एक सूचना आहे: 'ब्लू इन ग्रीन'मध्ये अ‍ॅडर्ली वाजवत नाहीत. म्हणून त्या गाण्यातला सॅक्सोफोन कोल्ट्रेन यांचाच असला पाहिजे. हे आपण एक सूरही न ऐकता, केवळ कागदावरून ठरवले. आणि या ओळीचा खरा उपयोग तिथे संपत नाही. उरलेल्या चार गाण्यांत दोन्ही सॅक्सोफोन आहेत आणि कव्हर याहून पुढे काही सांगत नाही. पण आता आपल्याजवळ कोल्ट्रेन यांच्या वादनाचा एक खात्रीचा नमुना आहे. 'ब्लू इन ग्रीन'मधला तो छोटासा सोलो दोन-तीनदा नीट ऐकावा, त्यातला नाद मनात ठेवावा, आणि मग 'सो व्हॉट' लावावे.

'सो व्हॉट'मध्ये डेव्हिस यांच्या ट्रम्पेटनंतर जो सॅक्सोफोन येतो, त्याचा नाद आपल्याला आत्ताच भेटलेला असतो. तो कोल्ट्रेन यांचा. त्यानंतर येणारा दुसरा सॅक्सोफोन उंच पट्टीतला, उजळ आणि लडिवाळ आहे. ऑल्टो हे वाद्य टेनरपेक्षा एका मध्यमाच्या अंतराने, म्हणजे सा ते म इतके, वर बांधलेले असते. टेनरवर उंच सूर आणि ऑल्टोवर खालचे सूर वाजवले तर दोन्हींचे पल्ले एकमेकांत मिसळतात, म्हणून केवळ सूर उंच की खाली एवढ्यावरून निर्णय करू नये. नादाचा पोत पाहावा. तोच सूर टेनरवर ताणून वर नेलेला असला, तर त्यात एक प्रकारचा ताण आणि धार जाणवते. ऑल्टोवर तो सहज लागलेला असतो. आपल्याकडे जुन्या ध्वनिमुद्रणावरून गायकाची पट्टी ओळखताना आपण हेच करतो: स्वर कोणता यापेक्षा तो गळ्याला किती सोपा गेला आहे ते ऐकतो.

इथवर आल्यावर एक मोह होतो. 'सो व्हॉट'मध्ये आधी कोल्ट्रेन आणि मग अ‍ॅडर्ली असा क्रम आहे, 'फ्रेडी फ्रीलोडर'मध्येही या दोघांचा क्रम तोच आहे, तेव्हा सगळीकडे तसाच असेल असे वाटते. तसे नाही. 'ऑल ब्लूज'मध्ये ट्रम्पेटनंतर आधी अ‍ॅडर्ली येतात आणि मग कोल्ट्रेन. 'फ्लेमेन्को स्केचेस'मध्ये पुन्हा कोल्ट्रेन आधी आणि अ‍ॅडर्ली नंतर. प्रत्येक गाण्यात वजाबाकी आणि कान दोन्ही नव्याने वापरावे लागतात. एका गाण्याचा क्रम दुसऱ्याला लावता येत नाही.

याच दोन गाण्यांच्या बाबतीत कव्हर स्वतःच दगा देऊ शकते. या रेकॉर्डच्या सुरुवातीच्या काही छपायांत दुसऱ्या बाजूच्या दोन गाण्यांची नावे उलटसुलट झाली होती: जिथे 'ऑल ब्लूज' हवे तिथे 'फ्लेमेन्को स्केचेस' छापले गेले होते, आणि त्याच्या जागी हे. अशी प्रत हाती असलेल्या माणसाने कुठेतरी वाचलेला सोलोंचा क्रम आपल्या कव्हरवरच्या नावांना लावला, तर तो अ‍ॅडर्लींचा सोलो कोल्ट्रेन यांच्या नावावर टाकेल, आणि वाद्यांचे नाद त्याला ओळखता येत नसतील तर चूक त्याच्या लक्षातही येणार नाही. सुदैवाने ही दोन गाणी एकमेकांपासून अगदी सहज वेगळी ओळखता येतात. 'ऑल ब्लूज' सहा मात्रांच्या झुलत्या चालीवर चालते, आणि बारा आवर्तनांचा ब्लूजचा ठरलेला साचा त्यात पुन्हा पुन्हा येत राहतो. 'फ्लेमेन्को स्केचेस' संथ आहे. त्यात आरंभी ठरीव धून नाहीच, पाच स्वरसप्तके एकामागून एक येतात आणि प्रत्येक वादक त्यांतून आपल्या गतीने जातो. बोटांवर मात्रा मोजता येणाऱ्या कोणालाही अर्ध्या मिनिटात कळते की सुई कोणत्या गाण्यावर आहे. तेव्हा कव्हर वाचल्यावर पहिली तपासणी हीच करावी: छापलेले नाव आणि ऐकू येणारे गाणे एकच आहे का?

आणखी एक अडचण नावांची. या कव्हरवर ज्यांना ज्युलियन अ‍ॅडर्ली म्हटले आहे, त्यांनाच बाकीचे जग कॅननबॉल अ‍ॅडर्ली म्हणून ओळखते. हे किरकोळ वाटेल. पण दोन यादींतली नावे ताडून पाहताना अशा ठिकाणी एकाचे दोन वादक होतात. कधी कधी तर नाव मुद्दाम लपवलेले असते. वादकाचा करार एका कंपनीशी आणि रेकॉर्ड दुसऱ्या कंपनीची, असे झाले की टोपणनाव छापले जाई. याच अ‍ॅडर्लींनी लुई स्मिथ या ट्रम्पेटवादकाच्या पहिल्या रेकॉर्डवर 'बकशॉट ला फंक' या नावाने वाजवले आहे. एखाद्या कव्हरवर, दुसऱ्या कुठल्याही रेकॉर्डवर न भेटणारे एखादे विचित्र नाव दिसले आणि वादन मात्र पट्टीच्या वादकाचे वाटले, तर नाव खरे आहे का हा प्रश्न जरूर विचारावा.

कव्हर हाती नसेल तर डिस्कॉग्ससारख्या संकेतस्थळावर त्याची छायाचित्रे आणि टंकलिखित श्रेये मिळतात. तिथे प्रत्येक नावापुढे गाण्यांचे क्रमांक देण्याची पद्धत आहे, आणि ती वाचता आली की बरेच श्रम वाचतात. उदाहरणार्थ, वर सांगितलेली पियानोची सूचना तिथे साधारण अशा रूपात दिसते:

```
Piano – Wynton Kelly (tracks: A2)
```

`A2` म्हणजे पहिल्या बाजूचे दुसरे गाणे. नावापुढे असा क्रमांकच नसेल, तर त्याचा अर्थ 'सगळ्या गाण्यांत आहे' असा होतो असे नव्हे. पुष्कळदा कव्हरवर गाण्यानुसार माहिती नव्हती, एवढाच त्याचा अर्थ असतो. नावाच्या शेवटी तारकेचे चिन्ह दिसले, तर कव्हरवर ते नाव वेगळ्या रूपात छापले होते असे समजावे. आणि एकाच रेकॉर्डच्या निरनिराळ्या आवृत्त्यांची पाने तिथे वेगवेगळी असतात. एका देशातल्या छपाईवर पूर्ण यादी आणि दुसऱ्या देशातल्या छपाईवर फक्त मुख्य कलाकाराचे नाव, असे सर्रास आढळते. म्हणून आपल्या प्रतीचे पान कोरे निघाले की थांबू नये. पहिल्या छपाईचे आणि नंतरच्या सविस्तर आवृत्तीचे, अशी निदान दोन पाने उघडावीत. टंकलिखित माहिती वाचकांनीच भरलेली असते, तेव्हा शेवटी कव्हरचे छायाचित्र मोठे करून स्वतः वाचणे हेच बरे.

आता आपल्याकडच्या, म्हणजे हिंदी-मराठी चित्रपटगीतांच्या प्रांतात आलो की ही सगळी रीत जागच्या जागी अडखळते, कारण वजाबाकी करायला यादीच नसते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरच्या गोल कागदावर गायक, चित्रपट, संगीतकार आणि कधी गीतकार एवढी नावे असत. पुढे एल.पी.च्या कव्हरवर जागा बारा इंच झाली, पण वादकांसाठी ती वाढली नाही. तिथे नायक-नायिकेचे छायाचित्र आले. कॅसेटच्या इनले कार्डाची आणि आजच्या मोबाइलवरच्या गाण्यांची स्थिती याहून बरी नाही. मला हा निव्वळ विसराळूपणा वाटत नाही. वादकाला त्या दिवसाच्या कामाचा मोबदला देऊन मोकळे केले जाई, त्याचे नाव छापण्याचा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नाही त्याची नोंदही कोणी ठेवत नाही.

चित्रपटाच्या नामावलीत मात्र एक धागा मिळतो: संगीत सहायकांची नावे. राहुलदेव बर्मन यांच्या अनेक चित्रपटांत बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि मारुतीराव कीर ही तीन नावे सहायक म्हणून येतात. मनोहारी सिंग हे नामवंत सॅक्सोफोनवादक असल्याने, त्या चित्रपटातला सॅक्सोफोन ऐकला की तो त्यांचाच असे श्रोते म्हणतात, आणि बऱ्याचदा ते बरोबरही निघते. तरीही हा पुरावा नाही, तो अंदाज आहे. सहायक म्हणून नाव आले याचा अर्थ त्या माणसाने संगीताच्या मांडणीत काम केले एवढाच. एखादा विशिष्ट तुकडा त्यानेच वाजवला असे त्यातून सिद्ध होत नाही. त्याच काळात मुंबईत श्यामराज, राज सोढा असे दुसरे सॅक्सोफोनवादकही होते.

हीच शिस्त आपल्या घरच्या उदाहरणालाही लावली पाहिजे. प्रभात कंपनी कोल्हापुरात असताना काढलेल्या १९३२ सालच्या 'अयोध्येचा राजा'चे संगीत गोविंदराव टेंबे यांचे, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. टेंबे हे पेटीवादनासाठी नावाजलेले होते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. म्हणून त्या चित्रपटातल्या पदांत पेटीचे सूर आले की ते टेंब्यांच्या बोटांतले, असे म्हणावेसे वाटते. पण संगीतकाराचे श्रेय हे चालीचे श्रेय आहे, आणि त्यावरून पेटीवर कोण बसले होते हे ठरत नाही. अभिमान बाजूला ठेवून 'संभव आहे' एवढेच लिहावे.

यादी नसताना कसे पुढे जावे हे 'नागिन' या १९५४ सालच्या चित्रपटातल्या पुंगीवरून चांगले समजते. 'मन डोले मेरा तन डोले' या गाण्याच्या रेकॉर्डवर लता मंगेशकर, गीतकार राजेंद्र कृष्ण आणि संगीतकार हेमंतकुमार यांची नावे मिळतील. ती पुंगी कोणी वाजवली, असा प्रश्न घेऊन निघालेला माणूस पुंगीवादक शोधत राहील आणि त्याला कोणीच सापडणार नाही, कारण त्याचा प्रश्नच चुकला आहे. गारुड्याच्या पुंगीला दोन नळ्या असतात. एकीवर भोके असतात, दुसरी सतत आस देत राहते, आणि एकूण पल्ला थोडा असतो. गाण्यातला तो सूर मात्र एखाद्या पट्ट्यांच्या वाद्यावर खेळावा तसा मोकळेपणाने खालीवर जातो. तो क्लेव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्याचा आहे. हे वाद्य युरोपात १९४० च्या दशकाच्या अखेरीस आले. पेटीसारख्या पट्ट्या, पण एका वेळी एकच सूर, नाद निरनिराळ्या खटक्यांनी बदलता येतो, आणि आवाज कमीजास्त करण्याची कळ गुडघ्याने हलवायची असते.

वाद्याचे नाव कळताच शोधाचे क्षेत्र एकदम आकसते. १९५४ च्या मुंबईत हे परदेशी वाद्य जवळ असणारे आणि वाजवू शकणारे लोक फार थोडे होते, आणि त्यांत ठळक नाव होते कल्याणजी वीरजी शहा यांचे, जे पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले संगीतकार म्हणून प्रसिद्ध झाले. 'नागिन'ची पुंगी त्यांच्या क्लेव्हिओलिनची आहे, आणि तिच्या जोडीला हेमंतकुमारांचे सहायक रवी यांची पेटी आहे, ही गोष्ट संगीतक्षेत्रात चांगली नोंदली गेली आहे. हे रवी म्हणजे पुढे स्वतः संगीतकार झालेले रवी शंकर शर्मा. म्हणजे शोध कव्हरवरून सुरू झाला, कव्हरवर काहीच मिळाले नाही, कानाने वाद्य ठरवले, वाद्यावरून माणसांची छोटी यादी बनवली, आणि मग त्या छोट्या यादीवर वजाबाकी केली.

वादकाची आजची ओळख आणि त्या दिवशीचे त्याचे वाद्य वेगळे असू शकते, हेही या उदाहरणातून दिसते, आणि ते अपवादात्मक नाही. 'गाइड' चित्रपटातल्या 'मोसे छल किये जाए' या गाण्यात तबला शिवकुमार शर्मा यांचा आहे. संतूरवादक म्हणून त्यांना ओळखणारा श्रोता ते नाव तबल्यासाठी कधीच विचारात घेणार नाही. 'दोस्ती'चे संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, पण त्यातला माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मन यांनी वाजवला. उलट दिशेची चूकही तितकीच नेहमीची: प्रत्येक चांगल्या बासरीला एकच प्रसिद्ध नाव चिकटवले जाते. नाव जितके मोठे, तितके ते न तपासता पुढे जाते, म्हणून मोठ्या नावाला पुरावा जास्त मागावा.

छापील श्रेय नसताना पुरावा म्हणजे मुख्यतः माणसांचे बोलणे, आणि सगळे बोलणे एका वजनाचे नसते. वादकाने स्वतः सांगितले असेल तर ते ऐकावे, पण ते त्याच्याच तोंडून आले आहे हेही लक्षात ठेवावे. त्याच ध्वनिमुद्रणाला हजर असलेल्या दुसऱ्या वादकाने, स्वतःचा काही लाभ नसताना, तेच सांगितले असेल तर त्याचे वजन अधिक. 'आराधना'मधल्या 'रूप तेरा मस्ताना' या गाण्यातला अ‍ॅकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचा आणि सॅक्सोफोन मनोहारी सिंग यांचा, हे आज निःशंकपणे म्हणता येते ते अशा जुळणाऱ्या कथनांमुळे. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने मुंबईच्या चित्रपट-वादकांच्या प्रत्यक्ष मुलाखतींवर आधारलेले पुस्तक २००८ साली प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे यातल्या पुष्कळ गोष्टी छापील स्वरूपात एकत्र वाचायला मिळाल्या. मुलाखत वाचताना तपशील पाहावा. स्टुडिओ कोणता, वाद्य कोणते, तो तुकडा तसा का बसवला, सोबत कोण होते, हे सांगणारे कथन आणि 'त्या काळातली सगळी गाणी मीच वाजवली' असे कथन यांत फरक करावा. दोन वादक एकाच तुकड्यावर हक्क सांगत असतील, तर दोघेही खरे बोलत असण्याची एक वाट शिल्लक असते, आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

ती वाट अशी, की गाणे एकच असले तरी ध्वनिमुद्रणे दोन असू शकतात. पार्श्वगायनाच्या सुरुवातीच्या काळात चित्रपटासाठी गाणे एकदा आणि ग्रामोफोनच्या तबकडीसाठी पुन्हा वेगळे मुद्रित करण्याची पद्धत होती. तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आसपासच गाणे मावत असल्याने दुसरे मुद्रण आटोपशीर असे, आणि त्या दिवशी वादकही तेच असतील याची हमी नव्हती. म्हणून चित्रपटात ऐकलेल्या तुकड्याविषयीची आठवण तबकडीवरच्या तुकड्याला लावण्याआधी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकावीत. तुकड्यातली एखादी हरकत किंवा अंतऱ्याआधीचा थांबा वेगळा निघाला, तर मुद्रणे दोन आहेत हे तिथेच स्पष्ट होते, आणि मग दोघा वादकांचे म्हणणे दोन वेगळ्या मुद्रणांविषयी असू शकते. सगळे तंतोतंत सारखे आणि फक्त एखादे कडवे गाळलेले असेल, तर ते एकाच मुद्रणाचे संपादन मानायला हरकत नाही.

हे सगळे करून जे हाती येते ते लिहून ठेवताना गाण्याच्या नावापुढे नुसते वादकाचे नाव लिहिले, तर पुढच्या माणसाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. मुद्रण चित्रपटातले की रेकॉर्डवरचे, रेकॉर्ड असेल तर तिचा क्रमांक, तुकडा किती मिनिटे आणि किती सेकंदांवर सुरू होतो, वाद्य कोणते, आणि नाव कशावरून ठरवले, एवढे लिहावे. 'दुसऱ्या अंतऱ्याआधीचा सॅक्सोफोन' असे लिहू नये, कारण छोट्या आवृत्तीत तो अंतराच गाळलेला असतो. आधार म्हणून 'कव्हरवर छापलेले', 'वजाबाकीने', 'वादकाचे स्वतःचे कथन', 'सहवादकाचे कथन' किंवा 'केवळ कानाने' यांपैकी जे खरे असेल ते नोंदवावे, आणि शेवटच्या प्रकारापुढे प्रश्नचिन्ह द्यावे, मग ते नाव कितीही खात्रीचे वाटत असो.